सॉलिड मेकॅनिक्स कॉलेजात कळत नाही, स्वतः शिकायचं ठरवलंय. वेळापत्रक कसं बसवू?

दौंड_लोकल

नमस्कार. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यातल्या कॉलेजात. रोज दौंडहून ट्रेनने येऊन-जाऊन करतो. या सेमला सॉलिड मेकॅनिक्स आहे. शिकवणारे सर स्लाइड लावतात आणि वाचून दाखवतात. सोडवलेला सम आधीच स्लाइडवर असतो, त्यामुळे "रिअ‍ॅक्शन इतकी आली, मग हा डायग्राम" एवढंच दिसतं. तो कुठून आला हे विचारलं की पुस्तकात बघा म्हणतात. वर्गातली बहुतेक मुलं मागे बसून दुसऱ्या विषयांचं सबमिशन लिहितात.

हा विषय आता स्वतःच शिकायचा असं मी ठरवलंय. एनपीटीईएलवरची आयआयटी खरगपूरची स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सची लेक्चर्स बघायला लागलोय. बघताना सगळं पटतं, पण नंतर कोरा कागद घेऊन बसलो की पहिली ओळ काय लिहायची तेच सुचत नाही.

इनसेमला पाच आठवडे आहेत. ३० मार्कांची असते आणि तिला पहिली दोन युनिट्स, म्हणजे स्ट्रेस-स्ट्रेन आणि शिअर फोर्स-बेंडिंग मोमेंट डायग्राम. उरलेली चार एंडसेमला ७० मार्कांना. ७५ टक्के हजेरी लागते म्हणून लेक्चर बुडवता येत नाही. सकाळी ट्रेनमध्ये बसायला जागा मिळते, येताना उभं राहून यावं लागतं. घरी पोचायला साडेसात होतात.

कोणी असं केलं असेल तर सांगा, वेळ कुठून काढायचा आणि कशावर घालवायचा?

मनवा२२

आधी वर्गातल्या दहा-बाराजणांच्या सह्या घेऊन एचओडींना भेटा. आमच्याकडे असं केल्यावर निदान ट्युटोरियलचा तास दुसऱ्या मॅडमना दिला होता. तक्रार म्हणून जाऊ नका. "ट्युटोरियलला सम फळ्यावर सोडवून मिळावेत" एवढी एकच मागणी ठेवा.

सुमेधाची_आई

माझ्या मुलीचं बारावीला फिजिक्सचं अगदी असंच झालं होतं. कॉलेजात तास व्हायचेच नाहीत. शेवटी आम्ही क्लास लावला, तोही पहिले दोन महिने वाया गेल्यावर. बाळा, तू कॉलेज बदलायचा विचार करतोयस का? दुसऱ्या वर्षाला बदली मिळते का याची चौकशी आत्ताच करून ठेव, नंतर फार धावपळ होते.

दौंड_लोकल

काकू, कॉलेज बदलायचं नाहीये, बाकीचे विषय चांगले चाललेत. हा एकच विषय बाहेरून शिकायचा आहे. क्लास लावायचा तर घरी पोचायला दहा वाजतील.
मनवाताई, सह्यांचं बोलून बघतो, पण त्यावर थांबणार नाही.

तिसऱ्या_बाकावरचा

व्हिडिओ वगैरे सोड रे. मागच्या पाच वर्षांचे पेपर काढ, प्रकार वेगळे कर आणि प्रत्येक प्रकाराचे तीन-तीन सम हातून घाल. या युनिटमध्ये येऊन-जाऊन कॅन्टिलिव्हर, सिंपली सपोर्टेड आणि ओव्हरहँगिंग बीमच विचारतात. मी असंच केलं, इनसेमला २४ मिळाले. सगळं समजून घ्यायला बसलास तर सेम संपेल.

खडकवासला

मी स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये काम करतो, मध्ये काही वर्षं शिकवतही होतो. तिसऱ्या_बाकावरचा म्हणतात ते इनसेमपुरतं बरंचसं खरं आहे. पेपर सोडवायलाच हवेत. पण मूळ प्रश्न "पहिली ओळ सुचत नाही" असा आहे, आणि त्याला पेपर लागू पडत नाहीत. पेपरातल्या समाची पहिली ओळ त्यालाच लिहायची आहे.

दौंड_लोकल, वेळापत्रकाचं नंतर बघू. आधी मला दोन गोष्टी सांग.

एक, हा सम आज रात्री व्हिडिओ किंवा पुस्तक न बघता सोडव. ६ मीटरचा सिंपली सपोर्टेड बीम, डावा सपोर्ट A, उजवा B. A पासून ४ मीटरपर्यंत १० kN प्रति मीटर यूडीएल. A पासून ५ मीटरवर २० kN चा पॉइंट लोड. दोन्ही डायग्राम काढ आणि सर्वांत मोठा बेंडिंग मोमेंट कुठे आणि किती ते लिही. अडलास तर नेमकं कुठे अडलास तेही लिही.

दोन, बाकीचे विषय कोणते आणि त्यातला सर्वांत चांगला कोणता शिकवला जातो?

दौंड_लोकल

सर, सोडवला. रिअ‍ॅक्शन काढायला बराच वेळ लागला, कारण यूडीएलचा मोमेंट कसा घ्यायचा ते पहिल्या वर्षाच्या वहीत शोधावं लागलं. यूडीएलचा एकूण भार ४० kN, तो मधोमध म्हणजे A पासून २ मीटरवर. A भोवती मोमेंट घेतला: ४० × २ + २० × ५ = १८०, म्हणून B ची रिअ‍ॅक्शन ३० आणि A ची पण ३०.

मग ४० चा लोड २ मीटरवर ठेवून डायग्राम काढले. २ मीटरवर मोमेंट ६० kN-m, ४ मीटरवर ४०, ५ मीटरवर ३०, B ला शून्य. सर्वांत मोठा ६०. मित्राला दाखवलं तर त्याचं उत्तर ३ मीटरवर ४५ आहे. त्याचेही ४ मीटरवर ४० आणि ५ वर ३० च आलेत. म्हणजे पुढचे आकडे जुळतात आणि मधलेच जुळत नाहीत. असं कसं?

बाकी विषय: एम-३, थर्मो, मटेरियल्स. थर्मोच्या मॅडम उत्तम शिकवतात. एम-३ ठीक.

खडकवासला

फार उपयोगी उत्तर दिलंस. तुझी अडचण युनिट २ मधली नाही, पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग मेकॅनिक्समधली आहे. ती नेमकी कुठे आहे ते सांगतो.

यूडीएलच्या जागी मधोमध एकच भार ठेवायची मुभा संपूर्ण बीमचा समतोल बघताना असते, कारण तेव्हा बीमच्या आत काय चाललंय हे आपण विचारतच नसतो. म्हणून रिअ‍ॅक्शन बरोबर आल्या. पण बेंडिंग मोमेंट विचारायचा म्हणजे बीम एका ठिकाणी कापायचा आणि फक्त डावा तुकडा समोर ठेवायचा. २ मीटरवर कापलास तर डाव्या तुकड्यावर यूडीएलचा किती भाग उरतो? २ मीटरचा, म्हणजे २० kN, आणि त्याचा मध्य कापापासून १ मीटरवर. मोमेंट ३० × २ − २० × १ = ४०. तू मात्र यूडीएलचे अख्खे ४० kN कापाच्या जागीच आणून ठेवलेस, म्हणून ६० आले.

४ मीटरच्या पुढे कापलं की पूर्ण यूडीएल डाव्या तुकड्यातच येतो, तिथे तुझी आणि मित्राची मांडणी एकच होते. म्हणून पुढचे आकडे जुळले. ही चूक लपून राहते ती यामुळेच. शेवटी शून्य येतं आणि मुलाला वाटतं सगळं बरोबर आहे.

आता शिअर फोर्स बघ. A ला +३०, दर मीटरला १० ने उतरतो, ३ मीटरवर शून्य, ४ मीटरवर −१०. तिथून ५ पर्यंत सपाट, मग २० चा लोड आला की −३०, आणि B ची ३० मिळाली की शून्य. मोमेंट सर्वांत मोठा ३ मीटरवर, जिथे शिअर शून्यातून जातो. तो किती? शिअर डायग्राममधल्या त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ: ½ × ३ × ३० = ४५. पुढचा छोटा त्रिकोण ½ × १ × १० = ५ वजा केला की ४ मीटरवर ४०. मग १० चा चौकोन वजा, ३०. मग ३० चा चौकोन वजा, शून्य.

स्वतः शिकणाऱ्याला या युनिटमध्ये ही मोठीच सोय आहे. तपासणारा कोणी जवळ नसतो, पण तुकड्यावरून काढलेला मोमेंट आणि क्षेत्रफळावरून काढलेला मोमेंट हे दोन वेगळे रस्ते आहेत. दोन्ही एकाच आकड्यावर आले नाहीत तर चूक आहे, मग उत्तरसूची असो वा नसो. तुझ्या डायग्रामला हे का पकडता आलं नाही? कारण दोन्ही रस्ते तू ४० च्या पॉइंट लोडवरच चाललास. म्हणून तिसरी नजर आकारावर ठेव: यूडीएलखाली शिअर तिरपा आणि मोमेंट वक्र असायलाच हवा. तुझा मोमेंट डायग्राम सगळा सरळ रेषांचा आला असणार. यूडीएलखाली सरळ रेष दिसली की पान तिथेच थांबवायचं.

डिप्लोमा_ते_डिग्री

हे वाचून मला माझं दुसरं वर्ष आठवलं. मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आले. आमचे प्रवेशच उशिरा होतात, त्यामुळे वर्गात पाऊल टाकलं तेव्हा युनिट १ संपलं होतं. मला डायग्राम येत होते, पण वेगळीच अडचण झाली. डिप्लोमाच्या वहीत, कॉलेजच्या स्लाइडवर आणि व्हिडिओत चिन्हांचे नियम एकसारखे नव्हते. दोन ठिकाणांहून शिकताना माझे डायग्राम उलटे यायचे आणि मला वाटायचं मला विषयच येत नाही.

म्हणून दौंड_लोकल, वहीच्या पहिल्या पानावर एकच नियम चित्रासकट लिहून ठेव. बीम वाटीसारखा खाली झुकला तर मोमेंट धन, आणि कापाच्या डाव्या बाजूला वरच्या दिशेचे बल जास्त असेल तर शिअर धन. व्हिडिओत वेगळं दिसलं तर समजून घे, पण स्वतःच्या वहीत बदलू नकोस. पेपरात तुझे सरच तपासणार असतील तर त्यांचा नियम तोच आहे ना, हेही एकदा स्लाइडवरून बघून घे.

आणि एक, वर्गात बसून दुसरं काही करू नकोस असं मला वाटतं. सर वाचून दाखवत असले तरी कोणत्या समावर थांबतात ते कळतं.

दौंड_लोकल

सर, ताई, खूप धन्यवाद. माझा मोमेंट डायग्राम खरंच सगळा सरळ रेषांचा आहे. आता वेळापत्रक सांगाल का?

खडकवासला

सांगतो. तुझ्या दिवसात वेळेचे चार प्रकारचे तुकडे आहेत आणि चारही एकसारखे वापरता येणार नाहीत.

सकाळची ट्रेन, बसायला जागा. इथे व्हिडिओ बघ, पण एक अट. लेक्चरमध्ये सम सुरू झाला की चित्र दिसताक्षणी थांबव आणि मांडीवरच्या वहीत फक्त डायग्रामचा आकार काढ, आकडे नकोत. कुठे सपाट, कुठे तिरपा, कुठे उडी, कुठे वक्र. मग पुढे चालू कर. बघताना पटतं आणि नंतर सुचत नाही, यावर मला दुसरा उपाय माहीत नाही.

संध्याकाळची ट्रेन, उभं राहून. काही करू नकोस. तिथे अभ्यास धरला तर वेळापत्रक पहिल्या आठवड्यातच मोडेल.

सॉलिडचं लेक्चर. स्लाइडवरच्या समाचं फक्त चित्र उतरवून घे आणि तिथेच स्वतः सोडवायला लाग. उत्तर स्लाइडवर आहेच, तपासायला वापर. मागे बसून सबमिशन लिहिण्यापेक्षा हे बरं, आणि हजेरीही होते. डिप्लोमा_ते_डिग्री म्हणतात तसं कान उघडे ठेवता येतात.

रात्रीचा वेळ खरा महागडा. एका विषयाला वाढवून द्यायचा म्हणजे दुसऱ्याकडून घ्यावा लागतो. तो थर्मोकडून घे. जो विषय वर्गात कळतो त्याची घरची उजळणी बंद कर, वर्गातच नीट वही लिही आणि आठवड्याला एकदा चाळ. एम-३ ला हात लावू नकोस. यातून आठवड्याला तीन रात्री दीड-दीड तास सॉलिडला मिळावेत, आणि रविवारी सकाळी अडीच-तीन तास. रोज अर्धा तास असं करू नकोस. एक बीम पूर्ण काढून, दोन्ही रस्त्यांनी तपासून, चूक शोधेपर्यंत नवख्याला पाऊण तास सहज लागतो. अर्ध्या तासात उठलास तर चूक शोधायचा भागच राहतो, आणि शिकणं तिथेच होतं.

आता पाच आठवड्यांचा क्रम. कॉलेजच्या क्रमाने जाऊ नकोस. पहिला आठवडा पूर्ण पहिल्या वर्षासाठी: फ्री बॉडी डायग्राम आणि रिअ‍ॅक्शन, दुसरं काही नाही. ओव्हरहँग, मध्येच संपणारा यूडीएल, त्रिकोणी भार, बीमवर बसवलेला कपल. रिअ‍ॅक्शन पाच मिनिटांत बरोबर यायला लागली की पुढे. त्यानंतर दोन आठवडे डायग्राम. चौथ्या आठवड्यात युनिट १, कारण ते बरंचसं सूत्रांवर चालतं. त्यातला कठीण भाग एकच आहे, जिथे समतोलाचं एक समीकरण असतं आणि अज्ञात दोन. उदाहरणार्थ तांब्याच्या नळीतला स्टीलचा रॉड, दोन्ही टोकं जोडलेली, तापमान वाढलं. तिथे "दोघांची लांबी शेवटी सारखीच" हे दुसरं समीकरण तुला लिहावं लागतं. तांबं जास्त पसरू पाहतं, स्टील त्याला अडवतं, म्हणून तांब्यात दाब आणि स्टीलमध्ये ताण. चिन्ह उलटं आलं तर आकडे न बघताही कळलं पाहिजे. पाचव्या आठवड्यात फक्त मागचे पेपर, घड्याळ लावून.

तिसऱ्या_बाकावरचा

पहिला अख्खा आठवडा पहिल्या वर्षावर? पाचातला एक गेला की. आणि युनिट १ ला एकच आठवडा ठेवलात. आमच्या पेपरात अर्धे मार्क त्यावर होते.

खडकवासला

तुमची शंका रास्त आहे. पण त्याच्या उत्तरात त्यानेच लिहिलंय की रिअ‍ॅक्शनलाच बराच वेळ गेला. तिथे गळती ठेवून डायग्रामचे पंधरा सम केले तरी प्रत्येक समात तोच वेळ पुन्हा जाणार. युनिट १ बद्दल मात्र मान्य. दौंड_लोकल, दुसऱ्या आठवड्यापासून रविवारचा एक तास युनिट १ ला दे.

दौंड_लोकल

(तीन आठवड्यांनंतर) अपडेट देतो. रिअ‍ॅक्शनला आठवड्याऐवजी नऊ-दहा दिवस गेले, कपलमुळे. बीमवरचा कपल शिअरमध्ये दिसत नाही आणि मोमेंटमध्ये उभी उडी देतो, हे पचायला वेळ लागला. क्षेत्रफळाने तपासताना तेवढी उडी वेगळी मिळवावी लागते हे कळल्यावर जुळायला लागलं.

आकार आधी काढायची सवय सर्वांत कामी आली. सकाळच्या ट्रेनमध्ये आता मित्रही सोबत करतो. एक चित्र काढतो, दुसरा आकार सांगतो.

रात्रीचे तीनपैकी दोनच दिवस जमतात. जर्नलच्या आठवड्यात एकच जमला. एचओडींना भेटलो, त्यांनी बघतो म्हणून सांगितलं, अजून काही बदललेलं नाही.

प्रश्न असा की इनसेमनंतर युनिट ३ मध्ये बेंडिंग स्ट्रेस आणि स्लोप-डिफ्लेक्शन दोन्ही आहे. सीनियर म्हणतात डिफ्लेक्शन आधी उरका, मार्क तिथे आहेत.

खडकवासला

दहा दिवस गेले तर जाऊ दे, कपल कळला हे महत्त्वाचं. दोनच रात्री जमत असतील तर वेळापत्रकात दोनच लिही आणि रविवार सांभाळ.

डिफ्लेक्शन आधी घेऊ नकोस. बेंडिंग स्ट्रेसला तुझाच जुना बीम घे, १५० मिमी रुंद आणि ३०० मिमी खोल आयताकृती छेद धरून. ४५ kN-m ला जास्तीत जास्त स्ट्रेस २० MPa येतो. ६० धरला असतास तर २६.७ आला असता. मोमेंट डायग्राममधली चूक पुढे कुठवर जाते ते यावरून दिसेल. kN-m चं N-mm करताना दहाचा सहावा घात विसरलास तर उत्तर हास्यास्पद लहान येईल, तेव्हा लगेच कळेल.

मग डिफ्लेक्शन, मॅकॉलेच्या पद्धतीने, आणि पुन्हा तोच बीम. त्यात यूडीएल ४ मीटरवर संपतो, आणि मुलं अडतात ती इथेच. या पद्धतीत एकदा सुरू झालेला यूडीएल मध्ये थांबवता येत नाही. तो B पर्यंत न्यायचा आणि ४ मीटरपासून पुढे तेवढाच खालून वर लावायचा:

```
EI y'' = 30x - 10x^2/2 + 10<x-4>^2/2 - 20<x-5>
```

कोनाच्या कंसातली किंमत ऋण आली तर ते पद सोडून द्यायचं. इंटिग्रेट करायच्या आधी x = 6 घालून बघ: १८० − १८० + २० − २० = ०. B ला मोमेंट शून्य हवाच. हे जुळल्याशिवाय इंटिग्रेशनला हात लावू नकोस, कारण पुढे दोन पानं गेल्यावर चूक सापडत नाही. इंटिग्रेट करताना कंस उघडायचे नाहीत, अख्खा कंसच चल धरायचा. व्हिडिओ बघताना हे निसटतं.

डिप्लोमा_ते_डिग्री

खडकवासला सर, एक शंका. हे सगळं जमलं तरी ओरल आणि टर्मवर्क त्याच सरांच्या हातात असतं. वर्गात स्वतःचं सोडवत बसलेलं त्यांना दिसलं तर? आमच्याकडे एका मुलाला त्यावरून ऐकून घ्यावं लागलं होतं.

खडकवासला

याचं सरसकट उत्तर माझ्याकडे नाही, माणसावर अवलंबून आहे. मी असतो तर स्लाइडवरचाच सम सोडवतोय हे दिसेल असं पुढच्या बाकावर बसलो असतो, आणि आठवड्यात एकदा तास संपल्यावर एक नेमका प्रश्न घेऊन त्यांच्याकडे गेलो असतो. "समजलं नाही" असं न म्हणता "सर, ४ मीटरवर मला ४० आलं, स्लाइडवर वेगळं आहे" अशा प्रकारचा. त्याला पुस्तकात बघा म्हणणं अवघड जातं.

मनवा२२

पुढच्या बाकाबद्दल मी सहमत नाही. आमच्या सरांना तोच अपमान वाटला असता. तास संपल्यावर प्रश्न घेऊन जायचं मात्र नक्की कर. दौंड_लोकल, इनसेमचा पेपर झाला की इथे टाक, डायग्रामचा सम कोणता आला होता ते बघू.